चोवीस खुर्च्यांचा खुलासा

इस्पितळाच्या खरेदी विभागात तिला सगळे शंकाबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ठाऊक होतं आणि मनातून ते आवडतही होतं. वीस वर्षं एकाच टेबलाशी बसून दरपत्रकांचे गोषवारे काढायचे म्हणजे शंका हेच भांडवल. चार पुरवठादार चार तऱ्हांनी लिहितात. कोणी दर पहिल्या पानावर सांगतो आणि अटी शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लपवतो, कोणी भाव कमी लावून वाहतूक वेगळी मागतो. ते सगळं वाचून, पिळून, एकाच मोठ्या तक्त्यात ओळीने मांडायचं, म्हणजे खरेदी समितीला एका नजरेत कळतं की कोण काय देतो, केवढ्याला आणि कधी. तक्त्याच्या शेवटी एक जागा असते, ‘खुलासा’. ज्याचं लिहिणं स्पष्ट, त्याच्यापुढे ती ‘खुलासा नको’ असं लिही. असं फार क्वचित लिहावं लागे.

या खेपेला वस्तू होती खुर्च्या. नव्या मुलांच्या वॉर्डासाठी चोवीस खुर्च्या, उलगडल्या की पलंग होणाऱ्या, आणि उलगडल्यावर उंची मुलाच्या कॉटएवढीच हवी. ही शेवटची अट कुठून आली ते शंकाबाईला चांगलं माहीत होतं, कारण मागणीपत्रावर सही होती वॉर्डाच्या मुख्य सिस्टरची, आणि मुख्य सिस्टर म्हणजे तिची सख्खी नणंद. दोघी एकाच घरात राहायच्या, एकाच टेबलावर जेवायच्या आणि एकाच बसने इस्पितळात यायच्या. नातं खरेदीच्या साहेबांना आधीच लेखी कळवून ठेवलेलं होतं. घरात मात्र सासूबाईंनी नियमच घालून दिला होता की जेवताना इस्पितळ नको. नणंद तो रोज मोडायची.

“वहिनी, खुर्च्यांचं काय झालं?”

“जेव.”

“जेवतेच आहे. खुर्च्यांचं काय झालं?”

“तक्ता होतोय.”

“तुझा तक्ता होईपर्यंत माझी मुलं मोठी होऊन नोकरीला लागतील,” नणंद म्हणाली. तिची मुलं म्हणजे वॉर्डातली मुलं. स्वतःचा संसार तिने मांडला नव्हता, आणि त्याचं तिला काही वाटतही नव्हतं.

पण त्या दिवशी नुसत्या थट्टेवर ती थांबली नाही. घास तसाच ठेवून म्हणाली, “सात नंबरच्या कॉटवर एक मूल आहे. गेले तीन आठवडे. त्याला आईचा हात धरल्याशिवाय झोप येत नाही. आता आई जमिनीवर आणि कॉट एवढी वर. ती बाई खाली आडवी होते आणि हात वर करून कॉटच्या कठड्यातून आत घालते. रात्रभर तसाच. सकाळी तो हात तिला दुसऱ्या हाताने उचलून खाली घ्यावा लागतो. नव्या वॉर्डात गेल्यावर खुर्ची मिळेल असं मी तिला सांगितलंय. माझं तोंड खोटं पाडू नकोस.”

शंकाबाईने हातातला घास ताटात परत ठेवला. सासूबाई नियमाची आठवण करून द्यायला विसरल्या, त्यांनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तिने गोषवाऱ्याला हात घातला. चार दरपत्रकं आली होती. पहिल्याचा दर एका खुर्चीला बासष्टशे, पण माल मिळायला आठ आठवडे. वॉर्ड तर सहा आठवड्यांनी उघडणार. दुसऱ्याचा दर अडुसष्टशे पन्नास आणि माल सात आठवड्यांनी. तिसऱ्याने चौऱ्याहत्तरशे लावले होते, मुदत नऊ आठवडे, आणि सोबत कारखान्याचा रंगीत फोटो. फोटोला तक्त्यात रकाना नव्हता.

चौथं दरपत्रक एका छोट्या कारखान्याचं होतं. भावाबहिणीचा कारखाना, लेटरहेडवर दोघांची नावं आणि मध्ये एका खुर्चीचं चित्र. दर लिहिला होता अकरा हजार नऊशे, ‘प्रति सेट’. माल ‘पुष्टीनंतर तीन आठवड्यांत’. सोबतच्या पत्रात म्हटलं होतं, ‘माल आपल्या ठिकाणी पोहोच’, आणि त्याच पत्राच्या तळाशी बारीक छापलेलं होतं, ‘दर कारखान्याच्या दारातील’. म्हणजे वरचा हात देतो म्हणतो आणि खालचा हात देत नाही म्हणतो.

शंकाबाईने चष्मा पुसला. तिच्या आनंदाची ती खूण होती.

नवे साहेब सहा महिन्यांपूर्वी आले होते. माणूस चांगला, हुशार, हसरा, पण कारभार सगळा ‘पी हळद अन् हो गोरी’. त्यांनी तक्त्यावर नजर टाकली आणि चौथ्या नावावर बोट ठेवलं. “हे तर सगळ्यांत महाग. जवळजवळ दुप्पट. यांना सोडा. पहिल्यांना ऑर्डर देऊ आणि जरा घाई करा म्हणू.”

“घाई करा म्हटल्याने आठाचे सहा होत नाहीत, साहेब. त्यांनी आठ लिहिलंय. आणि हे चौथे तीन म्हणतात.”

“पण दर बघा ना!”

“दर कशाचा ते कळत नाही. आपण खुर्च्या मागितल्या आणि यांनी सेटचा लिहिलाय.” तिने दरपत्रकाचं मागचं पान उलटलं. “इथे सेटचं वजन छत्तीस किलो दिलंय. बाकीच्यांची एकेक खुर्ची सतरा-अठरा किलोची आहे.”

साहेबांचे डोळे चमकले. “म्हणजे सेटमध्ये दोन! म्हणजे एक पडली पाच हजार नऊशे पन्नासला. अहो, मग हेच सगळ्यांत स्वस्त! भागा दोनाने आणि लिहा.”

“दोनाने भागायला मी कोण?” शंकाबाई म्हणाली. “सेट म्हणजे खुर्ची आणि जाड गादी असेल. किंवा खुर्ची आणि पायाखालचं स्टूल. वजन त्यानेही भरेल. विचारायला हवं.”

“मग लिहा, आज संध्याकाळीच पाठवू. समिती गुरुवारी आहे, पुढची पंधरा दिवसांनी. ती चुकली तर या तीन आठवडेवाल्यांचाही माल वेळेवर येणार नाही.” साहेबांनी कागद ओढून स्वतःच मसुदा खरडला आणि तिच्यापुढे सरकवला. ‘एका सेटमध्ये दोन खुर्च्या असून दरात वाहतूक समाविष्ट आहे याची कृपया पुष्टी करावी.’

शंकाबाईने तो वाचला आणि उपडा ठेवला.

“काय झालं?”

“साहेब, हे पत्र वाचल्यावर ती माणसं काय उत्तर देतील?”

“हो म्हणतील.”

“खरं नसलं तरी म्हणतील. गरजवंताला अक्कल नसते. चोवीस खुर्च्यांची ऑर्डर समोर दिसली की मनात एक खुर्ची असली तरी दोन लिहितील, आणि मग तोटा भरून काढायला पत्रा पातळ वापरतील, नाहीतर मध्येच हात वर करतील. आणि बाकीचे तिघे म्हणतील, दरांची बंद पाकिटं उघडल्यावर यांना भाव अर्धा करायची संधी का दिली? तेही खरंच. आपण विचारायचं. उत्तर त्यांच्या तोंडात कोंबायचं नाही.”

साहेब हसले. “तुम्ही ताकही फुंकून पिता.”

“एकदा दुधाने पोळले आहे,” ती म्हणाली आणि पुढचं सांगितलं नाही.

ते सांगण्यासारखं नव्हतंच. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी तिने असंच एक पत्र लिहिलं होतं. ‘दरात बसवण्याचे काम समाविष्ट आहे असे आम्ही समजतो, पुष्टी करावी.’ पडद्यांच्या दांड्या होत्या. एका एकट्या म्हाताऱ्या माणसाने पुष्टी केली आणि बसवण्याचं काम पदरचं घालून केलं. शिडीवर चढून, स्वतःच्या हाताने, दोन आठवडे. बिलात त्याने एक पैसाही जास्त मागितला नाही. शेवटच्या दिवशी तो तिच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, “बाई, तुम्ही समजलात तसं मीही समजून घेतलं.” पुन्हा तो कधी दर द्यायला आला नाही. तिने कोणाचं काही लुबाडलं नव्हतं, सगळं कागदावर चोख होतं. तरी ते वाक्य तिला अजून टोचायचं.

तिने नवं पत्र लिहायला घेतलं. तीन मसुदे केले. तिसरा साहेबांनी मुकाट्याने सही करून दिला.

‘महोदय/महोदया,

आपले दरपत्रक मिळाले, आभारी आहोत. त्याचा गोषवारा काढताना पुढील बाबी आम्हास स्पष्ट झाल्या नाहीत, तरी आपण लेखी खुलासा करावा.

१. दर ‘प्रति सेट’ दिला आहे. एका सेटमध्ये काय काय आणि किती येते?

२. पत्रात माल आमच्या ठिकाणी पोहोच असे लिहिले आहे, तर तळाशी दर कारखान्याच्या दारातील असल्याचे छापले आहे. यांपैकी कोणती अट लागू आहे?

३. माल ‘पुष्टीनंतर’ तीन आठवड्यांत मिळेल असे म्हटले आहे. पुष्टी कशाची आणि कोणी करावयाची?

दरपत्रक भरताना आपणास जे अभिप्रेत होते तेच कळवावे. दरात किंवा अन्य अटींत कोणताही बदल करता येणार नाही. खुलासा बुधवारी दुपारी बारापर्यंत मिळावा, अन्यथा आपले दरपत्रक आहे तसेच समितीपुढे ठेवले जाईल. हे पत्र म्हणजे ऑर्डर नव्हे.’

पत्र ईमेलने गेलं आणि एक प्रत हातोहातही पाठवली. शंकाबाई घरी गेली ती चक्क गुणगुणत. नीट लिहिलेल्या पत्रासारखं सुख नाही, असं तिचं मत होतं आणि या मताला घरात एकही अनुयायी नव्हता.

“खुर्च्यांचं काय झालं?” नणंदेने विचारलं.

“पत्र पाठवलं.”

“ऑर्डरचं?”

“खुलाशाचं.”

नणंदेने कपाळाला हात लावला. “आई, ऐकलंस? सहा आठवडे उरलेत आणि तुझी सून प्रेमपत्रं लिहितेय.”

“तिचं काम तिला करू दे,” सासूबाई म्हणाल्या. “तू इंजेक्शन देताना ती मध्ये बोलते का?”

शंकाबाईला हसू आलं, पण सात नंबरची आई मनातून जाईना. कोण कितीला देतोय हे ती नणंदेला सांगू शकत नव्हती, पत्र का लिहिलं तेही नाही. घरात एवढं मोठं गुपित बाळगायचं आणि वर भाजी वाढायची म्हणजे कसरतच होती.

सोमवार गेला. मंगळवार गेला. बुधवारी सकाळी ईमेल उघडली तर पडद्यांच्या, पंख्यांच्या आणि कागदाच्या जाहिराती होत्या, खुर्चीचं चित्र कुठेच नव्हतं. दहा वाजले, साडेदहा वाजले. साहेबांनी दोनदा डोकावून घड्याळाकडे पाहिलं. उत्तर आलं नाही तर तक्त्यात चौथ्या नावापुढे अकरा हजार नऊशेच राहणार होते, समिती पहिल्याला ऑर्डर देणार होती, आणि नवा वॉर्ड उघडल्यावर दोन आठवडे तरी सात नंबरची आई जमिनीवरच निजणार होती. साहेबांच्या मसुद्याला एव्हाना उत्तर आलं असतं, हेही तिला कळत होतं.

अकरा वाजता तिने फोन उचलला. पत्र मिळालं का, एवढंच विचारायची मुभा होती. तिकडून आधी पत्र्यावर हातोडा पडल्याचा आवाज आला, मग एका बाईचा.

“हो हो, मिळालं तर! शुक्रवारीच मिळालं. मी कारखान्याची कागदपत्रं बघते. भाऊ वेल्डिंग बघतो.”

“उत्तराची मुदत बारापर्यंत आहे.”

“अहो तेच तर!” बाई आवाज खाली आणून म्हणाली. “तुमचं पत्र आलं आणि आमची झोपच उडाली. एवढ्या मोठ्या इस्पितळातून पत्र, खाली साहेबांची सही. भाऊ म्हणाला, आपलं काहीतरी चुकलं. मी चार दिवस कागद घेऊन बसलेय. बाई, तुम्ही आतल्या आहात, तुम्हीच सांगा. सेटमध्ये किती लिहू, म्हणजे आमचं काम होईल?”

शंकाबाईच्या ओठांवर ‘दोन’ आलं होतं. अगदी टोकावर. एक शब्द, आणि सात नंबरच्या आईचा हात खाली आला असता. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ अकरा वाजून सहा मिनिटं दाखवत होतं.

“बाई,” ती म्हणाली, “तुमचं काही चुकलेलं नाही. मला समजलं नाही म्हणून विचारलंय. दर लिहिताना तुमच्या डोक्यात जे होतं ना, तेच लिहा. बरं दिसेल ते नको, खरं असेल ते.”

“आणि खरं लिहून काम गेलं तर?”

“तर खरं लिहून गेलं. पण न लिहिता नक्कीच जाईल.”

पलीकडे हातोडा थांबला. “लिहिते,” बाई म्हणाली.

फोन ठेवल्यावर शंकाबाईने फाइलमध्ये नोंद केली: किती वाजता फोन केला, काय विचारलं. मग थोडं थांबून तिकडून काय विचारलं गेलं आणि आपण काय उत्तर दिलं तेही लिहिलं. लपवण्यासारखं काही नव्हतं, तरी लिहिताना कान गरम झाले.

बारा वाजायला नऊ मिनिटं असताना उत्तर आलं. हाताने लिहिलेलं, स्कॅन करताना थोडं तिरकं झालेलं, पण खाली भाऊ-बहीण दोघांच्या सह्या आणि कारखान्याचा शिक्का. साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

‘१. एका सेटमध्ये दोन खुर्च्या, गाद्यांसह. आमची खुर्ची घडी करून दुसरीत बसते, म्हणून आम्ही दोन खुर्च्या एकाच खोक्यात पाठवतो. खोक्याचे माप व वजन दरपत्रकाच्या मागे दिले आहे.

२. माल आपल्या दारात पोहोच. तळाची छापील ओळ जुन्या लेटरहेडवरची आहे, ती खोडायची राहिली. क्षमस्व.

३. पुष्टी म्हणजे कापडाच्या रंगाची. ऑर्डरसोबत रंग कळवलात तर त्याच दिवसापासून तीन आठवडे धरावेत.’

“दोन!” साहेबांनी टाळी वाजवली. “मी म्हणालो नव्हतो?”

“म्हणाला होतात,” शंकाबाई प्रसन्नपणे म्हणाली. “आता तेही म्हणाले.”

पण पत्र तिथे संपत नव्हतं. खाली एक ओळ होती, लाजत लिहिल्यासारखी, जरा बारीक अक्षरांत. ‘आम्ही एरवी दर नगावरच देतो. आपल्या चौकशीपत्रात मागणी “२४” आणि एकक “सेट” असे छापले होते, म्हणून आम्ही दर सेटवर काढून दिला.’

शंकाबाईने ती ओळ दोनदा वाचली. मग उठून फाइल काढली आणि दर मागवताना चौघांनाही पाठवलेलं, स्वतःच तयार केलेलं चौकशीपत्र उघडलं. ‘उलगडणारी खुर्ची, २४ सेट.’ स्वच्छ, ठळक आणि चूक. आदल्या महिन्यात चादरी आणि उशीचे अभ्रे मागवले होते, सेटने. तोच फॉर्म घेऊन तिने वस्तूचं नाव बदललं, संख्या बदलली, उंचीची अट घातली, आणि एकक तसंच राहिलं. बाकीच्या तिघांनी दर भरताना ‘सेट’ खोडून ‘नग’ लिहिलं होतं. तिने ते तिन्ही दरपत्रकांत पाहिलंही होतं आणि मनातल्या मनात त्यांनाच नावं ठेवली होती, की छापलेल्या कागदावर खाडाखोड करतात. ज्यांनी तिचा फॉर्म इमानाने पाळला, नेमके तेच अडचणीत आले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

वीस वर्षं साऱ्या जगावर शंका घेतली आणि स्वतःच्या कागदावर एकदाही घेतली नाही, या विचाराने तिचा चेहरा उतरला. तिला खरोखर लाज वाटली. चार दिवस झोप उडालेली ती कारखान्याची बाई डोळ्यांपुढे आली.

“साहेब,” ती म्हणाली, “घोळ माझा आहे. समितीच्या टिपणात तसं लिहिते.”

साहेबांनी चौकशीपत्र हातात घेऊन पाहिलं. आता ते हसणार, असं तिला वाटलं, आणि ते हसलेही. “शंकाबाई,” ते म्हणाले, पहिल्यांदाच तोंडावर, “खाली सही कोणाची आहे?”

सही साहेबांची होती. मोठी, वळणदार, घाईघाईची.

“मी न वाचताच केली. तेव्हा ‘आमच्या विभागाची चूक’ असं लिहा. आणि पुढच्या वेळी सही करण्याआधी मला पण तुमच्यासारखा चष्मा पुसायला सांगा.”

तिने टिपण लिहिलं. एकक कसं चुकलं, तिघांनी ते कसं दुरुस्त केलं, चौथ्याला खुलासा का विचारला, त्यात दर किंवा अट बदललेली नाही, आणि वजनमाप मूळ दरपत्रकात आधीपासूनच होतं, हे सगळं. गुरुवारी समितीने सगळी कागदपत्रं पाहिली. एका सभासदाने फोनची नोंद मोठ्याने वाचली, पुन्हा एकदा वाचली, आणि म्हणाला, “ठीक आहे.” ऑर्डर चौथ्याला गेली, ‘चोवीस नग’ अशी, आणि सोबत कापडाचा रंगही. रंग नणंदेने निवडला होता. हिरवा, कारण पांढऱ्या कपड्यांना मुलं घाबरतात असं तिचं म्हणणं.

“झाल्या का खुर्च्या?” त्या संध्याकाळी नणंदेने विचारलं.

“झाल्या.”

  नणंदेने स्वतःच्या ताटातला गोडाचा वाटा उचलून वहिनीच्या ताटात ठेवला.

“अगं, काय हे!”

“सासरचा आहेर समज,” नणंद म्हणाली, आणि सासूबाई जेवताना इस्पितळ नको म्हणायला पुन्हा विसरल्या.

माल सांगितल्या दिवशी आला. बारा खोकी, दर खोक्यात दोन खुर्च्या, एक दुसरीच्या कुशीत बसलेली. सोबत त्या बाईची चिठ्ठी होती की नवं लेटरहेड छापून घेतलंय, तळाची ओळ काढली आहे.

वॉर्ड उघडल्यानंतर चौथ्या दिवशी शंकाबाई तपासणीचा कागद घेऊन वर गेली. खरं तर ते काम भांडारवाल्यांचं, पण खरेदीच्या वतीने कोणीतरी सोबत लागतं, आणि या वेळी तिने ते मागून घेतलं होतं. दुपारचे तीन वाजले होते. पडदे अर्धे ओढलेले होते. ती एकेक खुर्ची उलगडून बिजागरी पाहायची, पट्टीने उंची मोजायची, गादी दाबायची आणि ‘स्थिती’च्या रकान्यात ‘ठीक’ लिहायची. बसलेल्या आया आणि बाप उठून उभे राहायचे, आणि झालं की पुन्हा टेकायचे. एक आजोबा म्हणाले, “बाई, माझी दोनदा तपासा, तेवढीच उठबस होते.”

तेवीस झाल्या. चोविसावी खुर्ची खिडकीपाशी होती, सात नंबरच्या कॉटला लागून.

ती उलगडलेली होती आणि तिच्यात एक बाई झोपली होती. कुशीवर, तोंड किंचित उघडं, पायांतली एक चप्पल अजून तशीच. तिचा हात सरळ, आडवा, कॉटच्या खाली केलेल्या कठड्यावरून मुलाच्या गादीवर गेला होता. वर उचललेला नव्हता, लोंबत नव्हता, नुसता पडला होता. मुलाने त्यातली दोन बोटं धरली होती आणि तोही झोपला होता.

शंकाबाई पट्टी हातात घेऊन उभी राहिली. उंची मोजायची बाकी होती, बिजागरी पाहायची होती. तिने चष्मा काढून पुसला, आणि या वेळी तो खरोखरच ओला झाला होता.

नणंद पलीकडून आली आणि हळूच म्हणाली, “उठवू का तिला? एक मिनिट लागेल.”

“नको,” शंकाबाई म्हणाली.

तिने कागद खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. वीस वर्षांत तिच्या हातून एकही रकाना तपासल्यावाचून भरला गेला नव्हता. चोविसाव्या ओळीत तिने लिहिलं, ‘तपासता आली नाही. वापरात आहे.’ मग शेवटच्या रकान्यात, जरा ठळक अक्षरांत, ‘खुलासा नको.’

नणंदेने ते वाचलं आणि खाली सही केली.